पाड्यावरच्या आरोग्य शिबिराचं सामान : टेबलागणिक नोंदी

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आमच्या गटाने मार्च २०२५ मध्ये मोफत तपासणी शिबिर घेतलं. तयारी चालू असताना लिहिलेल्या या नोंदी आहेत. असं शिबिर पहिल्यांदा घेणाऱ्यांनी यातली सामानाची मापं आपल्या गावाच्या हिशेबाने बदलून घ्यावीत.

२ फेब्रुवारी, रविवार : जागा आणि तारीख

जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पुढे पडवी, शेजारी कौलारू अंगणवाडी. शाळेवर पत्रे आहेत. वीज आहे, पण दुपारी असेलच असं नाही, म्हणून सगळी यंत्रं बॅटरीवर चालणारीच घ्यायची हे इथेच ठरलं.

तारखेचं आशाताईंनी ठरवलं. भाताची कापणी झाली की इथली बरीच घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. आज पाड्यावर म्हातारी माणसं आणि थोडी मुलंच दिसली. "होळीला सगळे येतात ताई, होळी कुणी चुकवत नाही. तेव्हाच घ्या," असं त्या म्हणाल्या. यंदा धुळवड शुक्रवारी, १४ मार्चला आहे. शिबिर रविवारी, १६ तारखेला.

तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना पत्रं दिली. पत्रात तीन गोष्टी मागितल्या : शिबिराला परवानगी, शिबिरातला जैववैद्यकीय कचरा केंद्राने ताब्यात घेणं, आणि आम्ही पाठवलेल्या रुग्णांचा पुढचा पाठपुरावा. यातली दुसरी गोष्ट लेखी घेतल्याशिवाय सुई विकत घ्यायची नाही, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं आहे. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. रक्ताचा कापूस आणि सुया पाड्यामागे खड्ड्यात पुरून निघून येणं चालत नाही.

९ फेब्रुवारी : यादी कशी मांडली

आधी हाती असलेली यादी 'यंत्रं, औषधं, स्टेशनरी' अशी होती. ती बाजूला ठेवली. अशा यादीत सगळं सामान असतं, तरी ते कुठल्या टेबलावर आणि कुणाच्या हाती असणार हे कळत नाही, आणि शिबिराच्या सकाळी सगळेजण एकाच मोठ्या खोक्यात हात घालून शोधत बसतात.

म्हणून आलेला माणूस जसा पुढे सरकेल तशी यादी लिहिली : नोंदणी, हात धुणं, उंची-वजन, रक्तदाब, रक्ततपासणी, डोळे, डॉक्टर, औषधं, आणि शेवटी जाताना पाठवणी. प्रत्येक टेबलाचा वेगळा खोका, खोक्याच्या झाकणावर आतून यादी चिकटवलेली, आणि एका खोक्याला एकच जबाबदार माणूस. प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने : माणशी किती लागते, आणि ती बंद पडली तर काय करायचं. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती वस्तू दोन घ्यायची.

काय तपासायचं नाही, तेही आजच ठरलं. ज्या निकालावर इथे किंवा आरोग्य केंद्रात पुढे काही करता येणार नाही, ती तपासणी करायची नाही. ईसीजी मशीन फुकट मिळत होतं, पण ते वाचून लगेच निर्णय देणारं कुणी आमच्यात नव्हतं, म्हणून ते नाकारलं. साखर तीस वर्षांवरच्यांचीच पाहायची, सरकारी तपासणीही त्याच वयापासून होते. हिमोग्लोबिन दहा ते एकोणपन्नास वयाच्या मुली-बायकांचं. पाच वर्षांखालच्या मुलांना सुई टोचायची नाही, त्यांच्या दंडाचा घेर मोजायचा.

१५ फेब्रुवारी : रक्ताच्या टेबलाचा हिशेब

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त घोळ याच टेबलावर होतो, म्हणून हिशेब पूर्ण लिहून ठेवते.

आशाताईंच्या वहीवरून पाडा आणि शेजारच्या वस्त्या मिळून दोनशे माणसं धरली. त्यात हिमोग्लोबिनच्या वयातल्या मुली-बायका ८०. तीस वर्षांवरची सगळी मिळून ९०. यात तीस ते एकोणपन्नासच्या ३५ बायका दोन्हीकडे मोजल्या गेल्या आहेत. त्यांना दोनदा टोचायचं नाही. एकाच टोचणीतून दोन्ही तपासण्या होतात. म्हणजे टोचायची माणसं ८० अधिक ९० वजा ३५, एकूण १३५.

आता सामान. हिमोग्लोबिनच्या पट्ट्या ८०, दहाला एक वाया जाईल असं धरून ८८, आणि यंत्र बरोबर चालतं का हे पाहायला चार, म्हणजे ९२. डब्या पंचवीसच्या मिळतात, म्हणून चार डब्या. साखरेच्या पट्ट्या त्याच रीतीने १०३, म्हणून पन्नासच्या दोन आणि पंचवीसची एक. सुया १३५ वर चौथा हिस्सा जास्त, कारण काही बोटं दुसऱ्यांदा टोचावी लागतात. साधारण १७०, म्हणून शंभराची दोन खोकी. स्पिरिटचे फाहेही तेवढेच. कोरडा कापूस मात्र माणशी दोन बोळे : एक पहिला थेंब पुसायला, एक शेवटी दाबून धरायला.

हातमोज्यांचं गणित बहुतेक ठिकाणी चुकतं. खोक्यावर १०० लिहिलेलं असतं ते नग असतात, जोड्या पन्नासच. दर माणसाला नवी जोडी धरली तर १३५ जोड्यांना तीन खोकी लागतात, आणि डॉक्टरांच्या टेबलाला वेगळं एक. माप मध्यम आणि लहान दोन्ही हवं. सैल मोज्यात पट्टी धरता येत नाही.

वेळेचाही हिशेब याच कागदावर केला. एका माणसाला बसवणं, टोचणं, दोन निकाल लिहिणं यात तीन मिनिटं जातात. १३५ माणसांना ४०५ मिनिटं. शिबिर नऊ ते दोन, म्हणजे ३०० मिनिटं. एका खुर्चीवर हे होणारच नाही. म्हणून दोन खुर्च्या, आणि प्रत्येक यंत्राचे दोन नग.

१ मार्च : खरेदी

साखरेच्या पट्ट्या सहज मिळाल्या. हिमोग्लोबिनची पट्टी महाग पडते. आम्हाला एका पट्टीला पन्नास रुपयांच्या आसपास मोजावे लागले, आणि यादीतला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. पैसे वाचवायला साहलीची जुनी पद्धत वापरावी असं एकाने सुचवलं. त्यात आम्लात रक्त मिसळून दहा मिनिटं थांबावं लागतं आणि रंग डोळ्यांनी जुळवावा लागतो. रांगेत ते जमणार नाही, आणि जुळवणारा बदलला की आकडा बदलतो. म्हणून खर्च सोसला.

एका दुकानातून आलेल्या हिमोग्लोबिनच्या डब्यांपैकी दोन डब्यांचा लॉट नंबर वेगळा होता आणि त्यांच्यासोबतची सांकेतिक चिप भलत्याच लॉटची. अशा यंत्रात चुकीची चिप बसली तर ते आकडा देतं, तक्रार करत नाही, म्हणून हे लक्षात येणं अवघड. डबीवरचा लॉट, चिपवरचा नंबर आणि पडद्यावर दिसणारा नंबर, तिन्ही एकसारखे आहेत हे दुकानातच बघा. दुकानदाराने डब्या बदलून दिल्या, पण त्यात आठवडा गेला.

चष्मे ठोक दुकानातून घेतले, जवळचं वाचायचे, १.५, २ आणि २.५ नंबरचे जास्त, १ आणि ३ चे थोडे. या पाड्यावर वाचायला चष्मा मागणारे थोडेच, पण तांदूळ निवडायला आणि सुईत दोरा ओवायला मागणारे बरेच, म्हणून तपासायला चार्टबरोबर एक ताटली तांदूळ आणि सुई-दोराच ठेवायचं ठरलं.

८ मार्च : पहिली तालीम, गावात

ओळखीच्या शेतमजूर बायकांना बोलावून रक्ताचं टेबल मांडून पाहिलं. घरी साखर तपासायला मिळतात त्या बारीक सुया आणल्या होत्या, ३० गेजच्या. त्या चालल्या नाहीत. कोयता आणि विळा चालवणाऱ्या बोटांची कातडी जाड असते. सुई टोचली की जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा थेंब येई. साखरेच्या पट्टीला तो पुरायचा, हिमोग्लोबिनच्या पट्टीला पुरायचा नाही. मग टोचणारी मुलगी बोट पिळू लागली. पिळलं की रक्तात कातडीतलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसतं. एका बाईंचं पिळलेल्या थेंबाचं ८.९ आलं. दुसऱ्या बोटाला जाड सुई टोचून आपोआप आलेल्या थेंबाचं १०.६. एवढा फरक नुसत्या पिळण्याने पडतो.

सगळ्या बारीक सुया परत केल्या. त्याऐवजी २१ गेजच्या, एकदाच उडून आत जाणाऱ्या सुया घेतल्या. त्या महाग आहेत, पण दोन फायदे आहेत : थेंब पुरेसा येतो, आणि वापरलेली सुई पुन्हा वापरता येत नाही, टेबलावर उघडी पडून कुणाला टोचतही नाही. सुई बदलून वापरायचं पेन शिबिरात मुळीच नको. सुई नवी घातली तरी पेनाच्या टोकाला आधीच्याचं रक्त लागलेलं असतं, आणि त्यातून काविळीचा ब विषाणू पसरू शकतो.

टोचायची रीतही आज ठरली. मधलं बोट किंवा अनामिका, अग्रावर नाही, बाजूला. स्पिरिट पूर्ण सुकू द्यायचं. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा. मग येणारा मोठा थेंब हिमोग्लोबिनला, त्यानंतरचा साखरेला. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून हलवायला सांगायचं, कोमट पाण्यात बुडवायचं. बोट पिळायचं नाही.

९ मार्च : दुसरी तालीम, शाळेत

खोके पाड्यावर नेऊन टेबलं मांडली. तीन गोष्टी आजच कळल्या म्हणून वाचलो.

वजनकाटा. शाळेची फरशी शहाबादी आणि खाली-वर. पाच-पाच किलोच्या मिठाच्या चार पिशव्या काट्यावर ठेवून पाहिल्या, तर जागा बदलली की वीस किलोचे एकोणीसच्या आत नाहीतर वीसच्या वर दिसायचे. जाड प्लायवूडची फळी आणली, पातळी बघायची नळी लावून तिच्याखाली पुठ्ठे सरकवले, मग आकडा स्थिर झाला. फळी आणि मिठाच्या पिशव्या आता यादीत कायमच्या. सकाळी एकदा आणि दर तासाला एकदा पिशव्या ठेवून बघायचं.

रक्तदाब. यंत्रासोबत येणाऱ्या पट्ट्यावर छापलेलं असतं की तो २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी आहे. इथल्या बऱ्याच बायकांचे दंड टेपने मोजले तर २२ च्या आतच. एवढा मोठा पट्टा बारीक दंडाला लावला की दाब खराहून कमी दिसतो, आणि जिला औषध हवं ती 'ठीक आहे' म्हणून घरी जाते. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर उलट होतं. म्हणून त्याच कंपनीचा लहान पट्टा आणि मोठा पट्टा, दोन्ही मागवले. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीला बसतो, पण आकड्याचा भरवसा राहत नाही. पट्ट्याआधी टेप, हा नियम.

शाळेतली बाकं लहान मुलांची. त्यावर मोठी माणसं गुडघे दुमडून, हात खाली लोंबत ठेवून बसतात. दाब मोजायला पाठ टेकलेली, पाय जमिनीला आणि दंड छातीच्या पातळीला हवा. ग्रामपंचायतीकडून प्लास्टिकच्या पाठीच्या खुर्च्या आणि हाताखाली ठेवायला घडी घातलेली गोधडी सांगून ठेवली. चढ चढून आलेल्या माणसाला लगेच मोजायचं नाही. पाच मिनिटं पडवीत बसवायचं, तंबाखू-मिश्री थुंकून यायला सांगायचं.

उष्णता. अकरा वाजता पत्र्याखालच्या खोलीत तापमापी ३७ अंश दाखवत होती. पट्ट्यांच्या डबीवर साठवण ३० अंशांपर्यंत लिहिलेली आहे. आमचं एक यंत्र तापमानाची खूण दाखवून बंदच झालं. ते बरं, कारण न थांबता चुकीचा आकडा देणारं यंत्र जास्त धोक्याचं. रक्ताचं टेबल अंगणवाडीत कौलांखाली हलवलं, तिथे खिडकीला ओलं पोतं लावल्यावर बरंच कमी झालं. पट्ट्यांना थर्मोकोलचा डबा, त्यात गोठवलेली पाण्याची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून. बाटलीला पट्ट्यांची डबी चिकटता कामा नये. थंड डबी उघडली की आत दव धरतं आणि पट्ट्या वाया जातात. एका वेळी एकच डबी बाहेर, पट्टी काढली की लगेच झाकण, आणि उघडल्याची तारीख डबीवर पेनाने.

१२ मार्च : औषधांचा खोका

औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची, बाकीच्यांनी फक्त पाकिटं भरून ठेवायची. ज्याची मुदत सहा महिन्यांच्या आत संपते ते घ्यायचं नाही. दुकानदार आणि कंपन्या दान म्हणून उरलेले नमुने देतात. पाच गोळ्यांचा एक नमुना, दहा प्रकारचा, असा खोका टेबलावर नुसती अडचण करतो. आभार मानून परत पाठवला.

रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आम्ही ठेवल्या नाहीत. आठवडाभराच्या गोळ्या देऊन आम्ही निघून गेलो तर त्या संपल्यावर माणूस औषध सोडतो. ते आरोग्य केंद्रातून सुरू व्हावं आणि तिथूनच दर महिन्याला मिळावं. आमचं काम तिथे पोचवणं.

पाकिटांवर सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र असे शिक्के. आशाताई म्हणाल्या, "लोहाच्या गोळीने शी काळी होते, ते आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गोळ्या चुलीत." ते वाक्य पाकिटासोबत तोंडी सांगायच्या यादीत पहिलं.

खरजेचं औषध मोजायला वेगळं गणित लागतं. आशाताईंनी सांगितलं होतं की पोरं रात्रभर खाजवतात. खरूज एका माणसाची नसते, घराची असते. ज्याला खाज आहे त्यालाच मलम दिलं तर महिन्याभरात घरातल्या दुसऱ्याकडून ते परत येतं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, मोठ्यांना गळ्यापासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखाली, बोटांच्या बेचक्यात. आठ ते बारा तास ठेवून धुवायचं, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. मोठ्या माणसाला एका वेळी पाच टक्के परमेथ्रिनची तीस ग्रॅमची एक नळी, मुलाला साधारण अर्धी. चार मोठी आणि तीन मुलं असलेल्या घराला एका वेळेला साडेपाच नळ्या, म्हणजे सहा, आणि दोन्ही वेळच्या अकरा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर त्याचं डॉक्टरांना विचारूनच. आम्ही साठ नळ्या घेतल्या, म्हणजे अशी पाच घरं.

गोधड्या धुवायला सांगून उपयोग नाही, पाणी डोक्यावरून आणावं लागतं. अंगावरचे कपडे गरम पाण्यात, आणि गोधड्या खताच्या स्वच्छ मोठ्या पिशवीत तोंड बांधून किमान तीन दिवस. माणसाच्या अंगाबाहेर खरजेचा किडा फार टिकत नाही. पिशव्या यादीत टाकल्या.

१५ मार्च : कचऱ्याचा खोका

हा खोका सगळ्यात शेवटी आठवतो, पण टेबल मांडताना सगळ्यात आधी लागतो. पिवळ्या आणि लाल पिशव्या आरोग्य केंद्राने दिल्या, पांढरा न फुटणारा डबाही. रक्ताचा कापूस आणि वापरलेल्या पट्ट्या पिवळ्यात, हातमोजे लाल पिशवीत, सुया फक्त पांढऱ्या डब्यात. डबा टोचणाऱ्याच्या उजव्या हाताशी असावा, टेबलाखाली नको. पाऊण भरला की बंद.

रक्त सांडलं तर पुसायला एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट. पाच टक्क्यांची बाटली मिळते, तिचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग. सकाळी ताजं करायचं, आदल्या दिवशीचं नको. सांडलेल्यावर ओतून दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं.

भिंतीवर चिकटवायचा कागद : कुणाला वापरलेली सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, जखम पिळायची नाही, आणि लगेच जव्हारच्या कुटीर रुग्णालयात. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. गाडी आणि चालक कोण हेही कागदावर.

१६ मार्च, रविवार : शिबिर

नऊच्या आधीच पडवी भरली. १८७ नोंदी झाल्या.

साडेनऊच्या सुमाराला रक्ताच्या टेबलावर एकापाठोपाठ चार बायकांची साखर दोनशेच्या वर. एकीची २८६. चौघीही सडपातळ, एकीलाही तहान-लघवीची तक्रार नाही. टोचणाऱ्या मुलीने यंत्र बदललं, तरी तेच. मग आशाताईंनी बोटं हुंगली. "मोह वेचून आल्यात ह्या." मार्चमध्ये पहाटे मोहाची फुलं पडतात, बायका ती वेचून मगच कामाला लागतात. फुलांची साखर बोटाला चिकटून बसते. आम्ही हात धुवायची बादली ठेवली होती, पण ती नोंदणीच्या मागे पडली होती आणि गर्दीत तिथे कुणी जात नव्हतं. स्पिरिटच्या फाह्याने तो चिकटा नीट निघत नाही. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटाला टोचलं तर २८६ चे ११८ झाले. बाकी तिघींचेही आकडे दीडशेच्या आत आले.

तोटीची टाकी उचलून अंगणवाडीच्या दारातच ठेवली, एक मुलगा साबण घेऊन तिथे उभा केला, आणि हात धुतल्याची खूण कार्डावर असल्याशिवाय टोचायचं नाही असं ठरलं. आधी झालेल्या अकरा जणांना परत बोलावलं. त्यात पट्ट्या जास्त गेल्या, पण पंचवीसची जादा डबी होती म्हणून पुरल्या.

उंची-वजनाच्या टेबलावर दंडपट्टीत दोन बाळं लालमध्ये आली, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. त्यांना रांगेत न ठेवता सरळ डॉक्टरांकडे नेलं. अंगणवाडीताईंनी नावं लिहून घेतली.

हिमोग्लोबिनमध्ये एक सहा महिन्यांची गरोदर मुलगी ६.४ निघाली. बसवून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा पाहिलं, ६.६. गरोदरपणात सातच्या खाली म्हणजे गोळ्या देऊन घरी पाठवायची वेळ गेलेली असते. ती सासूबरोबर आली होती, नवरा भट्टीच्या मुकादमाकडे गेलेला. आमच्या सिस्टर सासूशेजारी सतरंजीवर बसून बोलल्या, मग दोघींना आमच्याच गाडीने कुटीर रुग्णालयात पोचवलं आणि सिस्टर सोबत गेल्या. पाठवणीच्या यादीत गाडी धरली होती, परतीच्या प्रवासाचे आणि एका वेळच्या जेवणाचे पैसे धरले नव्हते. ते वर्गणीतून दिले.

खरजेची नऊ घरं निघाली. साठ नळ्या बाराच्या आतच संपत आल्या. डॉक्टरांनी निर्णय घेतला की कुणालाही अर्ध्या घराचं औषध द्यायचं नाही. सगळ्या नऊ घरांना एका वेळेचं पूर्ण दिलं, आणि दुसऱ्या वेळेचं पुढच्या रविवारी घरपोच आणायचं कबूल केलं.

तपासायच्या खोलीत आडोशाला साडी बांधली होती. ती उजेडात आरपार दिसत होती. जाड चादर लावेपर्यंत दोन बायका तपासणी न करता उठून गेल्या. त्यांना नंतर आशाताईंनी घरून परत आणलं.

१७ मार्च : मोजदाद आणि कचरा

पिवळी, लाल पिशवी आणि पांढरा डबा आरोग्य केंद्रात वजन करून, सही घेऊन दिले. सुया मोजून नेल्या होत्या. १५८ वापरल्या, ४२ उरल्या, बेरीज जुळली. ही बेरीज जुळत नसेल तर एखादी सुई शाळेच्या वर्गात राहिली असं धरून झाडून काढायला हवं, सोमवारी तिथे मुलं बसणार असतात.

हातमोजे पुरले. कोरडा कापूस कमी पडला, शेवटच्या तासाला पट्टीचा गॉज कापून वापरला. १.५ नंबरचे चष्मे बरेच उरले, २.५ चे संपले. साठीच्या पुढची माणसं आमच्या अंदाजापेक्षा जास्त आली.

२३ मार्च : दुसरी फेरी, सुधारलेली यादी

खरजेचं दुसऱ्या वेळचं औषध नऊ घरी दिलं. एका घराने पहिलं लावलंच नव्हतं. घरातला मोठा भाऊ भट्टीवरून आल्यावर सगळे मिळून लावणार म्हणून थांबले होते, आणि त्यांचं ते बरोबरच होतं.

पुढच्या शिबिरासाठी खोक्यांमध्ये हे बदल केले आहेत, दोनशे माणसांच्या हिशेबाने.

नोंदणी : कार्डं २५०, कार्बनची पाठवणी वही (एक प्रत रुग्णाला, एक आशाताईंना, एक आपल्याकडे), जाड पेनं, आणि वय न सांगता येणाऱ्यांसाठी रेशनकार्ड बघायची सूचना.

हात धुणं : आता स्वतंत्र टेबल, रक्ताच्या दारात. तोटीच्या दोन टाक्या, साबण सहा, पुसायला कागदी रुमाल, खाली सांडपाण्याची बादली. पिण्याचं पाणी वेगळ्या रंगाच्या टाकीत, दूर.

उंची-वजन : काटा दोन, प्लायवूडची फळी, पातळीची नळी, मिठाच्या पिशव्या, झोपवून लांबी मोजायची फळी, दंडपट्ट्या चार.

रक्तदाब : यंत्रं दोन, तिन्ही मापांचे पट्टे, टेप, पेन्सिल सेलचे जादा दोन संच, आणि यंत्र बंद पडलं तर हाताने फुगवायचं एक, स्टेथोस्कोपसह. १४०/९० च्या वर आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा, १८०/११० च्या वर आलं तर थेट डॉक्टर.

रक्त : वर लिहिलेली मापं, कापूस दुप्पट, साखरेच्या पट्ट्या दहाऐवजी पाचाला एक जादा.

डॉक्टर : जाड चादरी दोन, नायलॉनची दोरी, चिमटे, टॉर्च दोन.

औषधं : खरजेचं मलम माणसांच्या नाही, घरांच्या संख्येवर. त्यासाठी आशाताईंबरोबर आठवडाभर आधी घरं फिरून खाज असलेली घरं आणि घरातली माणसं लिहून घ्यायची. बाकी औषधं डॉक्टरांच्या यादीने.

पाठवणी : गाडी, सोबत जाणारी एक बाई, आणि माणशी परतीचं भाडं व जेवणाचे पैसे बंद पाकिटात. आम्ही पाच पाकिटं ठेवणार आहोत.

उघडलेल्या पट्ट्यांच्या डब्या तारीख दाखवून आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना दिल्या, न उघडलेल्या आमच्याकडे कपाटात. गरोदर मुलीला रुग्णालयात रक्त चढवलं. ती १ एप्रिलला पुन्हा तपासणीला जाणार आहे, आशाताई सोबत जातील. त्या दिवसाचं गाडीभाडं पहिल्या पाकिटातून.